फोटोत डोळ्यांचा रंग का बदलतो आणि खरा रंग कसा टिपायचा

घाऱ्या डोळ्यांच्या एकाच व्यक्तीचे तीन फोटो शेजारी शेजारी ठेवा. सावलीतल्या खिडकीपाशी काढलेल्या फोटोत डोळे करडे दिसतात, रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्यात तांबूस, आणि दिवसा मोकळ्या आकाशाखाली काढलेल्यात धुरकट, निळसर झाक असलेले. कॅमेरा एकच असला तरी हे होतं. यावर सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे ‘व्हाइट बॅलन्स चुकला’, म्हणजे उजेडाची झाक काढून टाकण्यात कॅमेरा चुकला. पहिल्या दोन फोटोंपुरतं ते बरोबर आहे. तिसऱ्यासाठी ते चूक आहे. तिथे व्हाइट बॅलन्स कितीही इकडेतिकडे केला तरी डोळे जागेवर येत नाहीत, उलट चेहरा पिवळा पडतो.

फरक असा आहे: उजेडाचा रंग फोटोतल्या प्रत्येक रंगाला गुणतो, तर डोळ्यावर पडलेलं प्रतिबिंब त्या रंगात मिसळतं, म्हणजे बेरीज करतं. गुणाकार भागून काढता येतो. बेरीज वजा करायची तर नेमकं किती मिसळलं हे माहीत हवं, आणि ते सहसा नसतं. म्हणून पहिली चूक नंतर दुरुस्त होते, दुसरी मात्र फोटो काढतानाच टाळावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकावर उभ्या आहेत.

बुबुळाचा रंग मुळात येतो कुठून

इथे बुबुळ म्हणजे काळ्या बाहुलीभोवतीचं रंगीत कडं. त्यात तपकिरी रंगद्रव्य असतं, मेलॅनिन. ते भरपूर असलं की डोळे गडद तपकिरी, मध्यम असलं की घारे किंवा पिंगट. निळ्या डोळ्यांत निळं रंगद्रव्य अजिबात नसतं. तिथे मेलॅनिन फार कमी असतं आणि बुबुळाच्या पुढच्या थरातले सूक्ष्म तंतू उजेडातला निळा भाग जास्त विखुरतात, तोच आपल्याला दिसतो. हिरवट डोळ्यांत ही विखुरलेली निळाई आणि थोडं मेलॅनिन एकत्र येतं.

याचा व्यवहारातला परिणाम असा की फिकट डोळे उजेडावर जास्त अवलंबून असतात. विखुरायला उजेडात निळा भाग असावा लागतो. पिवळ्या दिव्यात तो फार थोडा असतो, म्हणून त्या दिव्याखाली निळे डोळे राखाडी वाटतात. गडद तपकिरी डोळ्यांची अडचण उलटी आहे. ते इतका कमी उजेड परत पाठवतात की वरून पडलेलं थोडंसं प्रतिबिंबही त्यांचा रंग झाकून टाकतं.

बाहुलीचाही यात वाटा आहे. बुबुळाचा व्यास साधारण १२ मिलिमीटर असतो. भरपूर उजेडात बाहुली ३ मिलिमीटरपर्यंत आकसते, मंद उजेडात ७ पर्यंत पसरू शकते. तेवढ्यात रंगीत कड्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतं. उरलेलं कडं अरुंद होतं, त्यातलं रंगद्रव्य दाटीवाटीने बसतं आणि डोळा काळपट वाटतो. रात्रीच्या समारंभातल्या फोटोंत घारे डोळे सरसकट गडद दिसतात, त्यामागे उजेडाच्या रंगाइतकीच ही मोठी झालेली बाहुलीही असते.

उजेडाचा गुणाकार

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. जुना तारेचा दिवा सुमारे २७०० केल्विन, म्हणजे पिवळा. दुपारचं ऊन साधारण ५५०० च्या आसपास. ढगाळ आकाश ६५०० च्या जवळ. निरभ्र दिवशी सावलीत, जिथे फक्त निळ्या आकाशाचा उजेड पोहोचतो, तिथे हा आकडा ७५०० च्या पुढेही जातो. आपले डोळे हे फरक सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला ते व्हाइट बॅलन्सने करावं लागतं: लाल, हिरवा आणि निळा या तीन आकड्यांना वेगवेगळ्या संख्येने गुणून तो मूळ उजेडाची झाक काढून टाकतो.

एक उदाहरण आकड्यांत करून पाहू. समजा, डोळ्याशेजारी एक करडं कार्ड धरलं आहे. खऱ्या करड्या वस्तूचे तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. (जेपेग फोटोतले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे हे गणित तिथे अदमासाचंच आहे. रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ नोंदीवर, सॉफ्टवेअर तेच नीट करतं.)

सावलीतल्या खिडकीपाशी कार्ड आलं लाल १६८, हिरवा १८०, निळा १९६. म्हणजे उजेड निळसर आहे. बुबुळ आलं ९२, ७८, ६६. कार्डाचे तिन्ही आकडे १८० करायचे तर लालाला १.०७ ने आणि निळ्याला ०.९२ ने गुणावं लागेल. तोच गुणाकार बुबुळाला लावला की ते होतं ९९, ७८, ६१. आधी तपकिरी आणि करड्याच्या मधे लोंबकळणारा रंग आता स्पष्ट पिंगट झाला.

पिवळ्या दिव्याखाली तेच कार्ड आलं २१४, १८०, १२८ आणि बुबुळ १२०, ७८, ४२. इथे गुणक निघतात ०.८४ आणि १.४१. लावल्यावर बुबुळ १०१, ७८, ५९. दोन फोटोंत दोन टोकांचे दिसणारे डोळे कार्डाच्या आधाराने जवळपास एकाच रंगावर आले. डोळा बदलला नव्हता, दोन्हीकडे फक्त वेगळा गुणाकार झाला होता.

मग कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, मेनूतला ‘AWB’, हे आपोआप का करत नाही? कारण त्याच्याकडे कार्ड नसतं. चौकटीत जे दिसतं त्यावरून तो उजेडाचा अंदाज बांधतो. मागे पिवळी भिंत असली की त्याला उजेड पिवळा वाटू शकतो आणि तो सगळ्या फोटोत निळा वाढवतो. हिरवळीवर बसवलं तर उलट बाजूला किरमिजी झाक येते. शिवाय दिव्याचा पिवळेपणा पूर्ण काढला तर फोटो कोरडा वाटतो म्हणून बरेच कॅमेरे थोडा पिवळेपणा मुद्दाम ठेवतात. फोटो सुंदर दिसावा यासाठी ते ठीक, डोळ्यांचा रंग ठरवण्यासाठी नाही.

प्रतिबिंबाची बेरीज

बुबुळासमोर कॉर्निया असतो, पारदर्शक आणि कायम ओला. त्याच्यावर समोरून पडलेल्या उजेडापैकी दोन ते अडीच टक्के उजेड बुबुळापर्यंत न पोहोचता तिथूनच परत फिरतो. या उजेडाला बुबुळाचा रंग नसतो, जिथून तो आला त्या वस्तूचा असतो. खिडकीचा, आकाशाचा, समोरच्या पांढऱ्या शर्टाचा. दोन टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण चमकत्या आकाशाचे दोन टक्के आणि गडद बुबुळातून परत येणारा मूळ उजेड यांत फारसा फरक नसतो.

आपल्या उदाहरणातला तिसरा फोटो घ्या. या वेळी कार्ड नीट १८०, १८०, १८० आलं, म्हणजे व्हाइट बॅलन्समध्ये काही खोट नाही. बुबुळाचा खरा रंग १००, ७८, ६० धरू. आकाशाच्या प्रतिबिंबाने त्यात १३, १७, २४ मिसळले, तर फोटोत येतील ११३, ९५, ८४. उजळ, फिकट, निळ्याकडे झुकलेले. आता कोणी हट्टाने व्हाइट बॅलन्स वापरून बुबुळ पुन्हा पिंगट करायला गेलं तर हिरवा सुमारे ०.९३ ने आणि निळा ०.८१ ने कमी करावा लागेल, आणि मग कार्ड होईल १८०, १६७, १४५. म्हणजे डोळे सुधारायच्या नादात करडं कार्ड पिवळं झालं, आणि त्याबरोबर त्वचा व डोळ्याचा पांढरा भागही.

ओळखायची खूणही यातच आहे. डोळ्यासकट चेहरा, कपडे, भिंत सगळंच एका झाकेत गेलं असेल तर दोष व्हाइट बॅलन्सचा. त्वचा आणि कपडे बरोबर असून फक्त बुबुळ धुरकट असेल, बाहुली काळीभोर दिसण्याऐवजी राखाडी असेल, तर प्रतिबिंब. बाहुली हा यातला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार आहे, कारण फ्लॅश नसताना तिचा स्वतःचा रंग काळाच असतो. तिच्यात जो काही रंग दिसतो तो बाहेरून आलेला.

हे प्रतिबिंब कुठे आणि केवढं पडेल हे आधी सांगता येतं. कॉर्निया हा साधारण ७.८ मिलिमीटर त्रिज्येचा बहिर्गोल आरसा आहे असं समजा. वस्तूची रुंदी भागिले तिचं डोळ्यापासूनचं अंतर, गुणिले ३.९ मिलिमीटर, एवढं तिचं प्रतिबिंब पडतं. सव्वा मीटर रुंदीची खिडकी एक मीटरवर असेल तर प्रतिबिंब जवळजवळ ५ मिलिमीटरचं, म्हणजे बुबुळाच्या रुंदीचा चाळीस टक्के भाग. तीच खिडकी तीन मीटरवर असली तर दीड मिलिमीटरच्या आसपास.

जागा ठरते ती उजेड आणि कॅमेरा यांच्यातल्या कोनावर. उजेड कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, म्हणजे २० अंशांच्या आत असला, तर प्रतिबिंब बाहुलीवरच पडतं आणि रंगीत कडं मोकळं राहतं. ४५ अंशांवर ते केंद्रापासून सुमारे ३ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर कड्याच्या मधोमध बसतं. रंग टिपायला ही सगळ्यात वाईट जागा, आणि गंमत म्हणजे व्यक्तिचित्रासाठी खिडकीचा हाच कोन सर्रास सुचवला जातो. ९० अंशांवर, म्हणजे उजेड अगदी बाजूने आला, की प्रतिबिंब बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागाजवळ सरकतं. कॉर्निया कडेला थोडा सपाट होत जातो, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत, पण खिडकीपाशी खुर्ची कुठे ठेवायची हे ठरवायला पुरेसे आहेत.

फोटो काढण्याच्या पायऱ्या

*पहिली, उजेड निवडणं.* थेट ऊन येत नाही अशी एक खिडकी घ्या आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा. दिवा चालू ठेवला तर डोळ्याच्या एका बाजूला खिडकीचा निळसर आणि दुसऱ्या बाजूला दिव्याचा पिवळा गुणाकार होतो, आणि दोन वेगळे गुणाकार एकाच व्हाइट बॅलन्सने सुटत नाहीत. एकाच माणसाचा डावा आणि उजवा डोळा वेगळ्या रंगाचा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. रंगीत पडदा असेल तर तो पूर्ण बाजूला करा, नाहीतर उजेड त्याच्या रंगाचा होऊन येतो.

*दुसरी, बसण्याची जागा.* व्यक्तीला खिडकीपासून दीड ते दोन मीटरवर, खिडकी एका कानाच्या दिशेला येईल असं बसवा. नजर थेट कॅमेऱ्यात. खिडकीकडचा डोळा आपल्या कामाचा. लांबचा डोळा नाकाच्या सावलीत जातो, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. तिथे उजेड पोहोचवायला पांढरा पुठ्ठा लावण्याचा मोह होतो, पण तो पुठ्ठाही डोळ्यात उमटतो. व्यक्तीचे कपडे शक्यतो काळे, करडे किंवा पांढरे असावेत. गडद हिरवा किंवा लाल सदरा खालून चेहऱ्यावर रंग फेकतो, आणि बुबुळाच्या खालच्या अर्ध्या भागात तो चक्क मोजता येतो.

*तिसरी, कॅमेऱ्याची बाजू काळी करणं.* नवखे लोक ही पायरी हमखास सोडतात. कॅमेऱ्यापासून दोन्ही बाजूंना ९० अंशांपर्यंत जे काही आहे ते सगळं बुबुळावर उमटत असतं. म्हणून फोटो काढणाऱ्याने गडद कपडे घालावेत आणि त्याच्यामागे उजळ भिंत असेल तर काळं कापड टांगावं. एक मीटर रुंद कापड कॅमेऱ्यामागे अर्ध्या मीटरवर असलं तरी पुष्कळ. अर्ध्या मीटरवरून फोटो काढणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब जवळजवळ ४ मिलिमीटरचं असतं, बाहुली व्यापून कड्यावर उतरणारं. त्या जागी काळा रंग आला की बुबुळातली बेरीज जवळजवळ शून्य होते आणि तपकिरी रंग एकदम खोल दिसतो. हा फरक काळं कापड लावून आणि काढून दोन फोटो घेतलेत तर लगेच कळेल.

*चौथी, अंतर आणि चौकट.* बुबुळ फोटोत निदान २०० पिक्सेल रुंद असावं. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू सुमारे ४००० पिक्सेलची असते. ती बाजू चेहऱ्याच्या उंचीएवढी, म्हणजे २४ सेंटीमीटर व्यापत असेल, तर १२ मिलिमीटरचं बुबुळ बरोबर २०० पिक्सेल होतं. पूर्ण उंचीच्या फोटोत तेच बुबुळ जेमतेम २८ पिक्सेल उरतं. त्यात भर म्हणजे बहुतेक जेपेग फाइलींत उजळपणापेक्षा रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे रंगापुरते १४ पिक्सेल. इतक्या छोट्या ठिपक्यात पापणीचा, पांढऱ्या भागाचा आणि बुबुळाचा रंग एकमेकांत घुसतो. फोनवर काढत असाल तर फोन चेहऱ्याला चिकटवू नका, त्याची सावली पडते. दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारी लेन्स असेल तर ती वापरून अर्ध्या मीटरवरून फोटो घ्या.

*पाचवी, सेटिंग.* कॅमेऱ्यावर रॉ फाइल निवडा. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स हा नुसता टिपून ठेवलेला आकडा असतो, तो नंतर बदलला तरी फोटोचं नुकसान होत नाही. जेपेगमध्ये गुणाकार होऊन गेलेला असतो. तरीही व्हाइट बॅलन्स स्वयंचलित न ठेवता ५५०० केल्विनसारख्या एका आकड्यावर स्थिर ठेवा, म्हणजे सगळे फोटो एकमेकांशी ताडता येतील. फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर तिथे ‘WB’ हाताने ठरवता येतो. पडद्यावर बोट दाबून ठेवलं की फोकस आणि एक्सपोजर स्थिर होतं, पण त्याबरोबर रंगही स्थिर झाला असं गृहीत धरू नका. सौंदर्य मोड, फिल्टर आणि पोर्ट्रेट मोड बंद. यांतले काही मोड डोळे ओळखून तेवढाच भाग उजळ करतात, आणि ही तिसऱ्याच प्रकारची ढवळाढवळ असते.

*सहावी, कार्ड.* फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारं करडं कार्ड डोळ्याखाली गालाला टेकवून, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरा. आधी कार्डासह फोटो, मग काहीही न हलवता कार्डाशिवाय. दोन्ही एका मिनिटाच्या आत घ्या. ढग सरकला की उजेडाचा रंग बदलतो. कार्ड खिडकीकडे वळलेलं किंवा मांडीवर ठेवलेलं असेल तर त्याच्यावर वेगळाच उजेड पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

*सातवी, एक्सपोजर.* कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर लाल रंग कमाल आकड्याला, म्हणजे २५५ ला टेकू नये. बुबुळ थोडं अंधारं आलं तरी रॉमधून वर आणता येतं. उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. घाऱ्या डोळ्यावर थेट ऊन पडलं की सगळ्यात आधी लाल आकडा कमाल मर्यादेला आदळून थांबतो आणि हिरवा वाढत राहतो, त्यामुळे तपकिरी रंग पिवळ्याकडे सरकतो. उन्हातल्या फोटोंत डोळे सोनेरी दिसतात त्यातला काही भाग खरा असतो, कारण एरवी भुवईच्या सावलीत असलेल्या बुबुळावर तेव्हा भरपूर उजेड पडलेला असतो. पण पिवळाधमक डोळा दिसला तर आधी आकडे तपासा.

फोटो काढून झाल्यावर

रॉ उघडणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्ससाठी ड्रॉपर असतो. तो कार्डावर टेकवा, मिळालेली सेटिंग कार्डाशिवायच्या फोटोला जशीच्या तशी लावा. कार्डाच्या जागी डोळ्याचा पांढरा भाग वापरायचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. तो ऐकू नका. तो भाग खरा पांढरा नसतो. बारीक रक्तवाहिन्यांमुळे त्यात गुलाबी छटा असते, काहींचा पिवळसर असतो, लहान मुलांचा निळसर, आणि पापणीची सावली वेगळीच. गुलाबी भागाला करडं करायला गेलात तर हिरवा वाढतो आणि घारे डोळे हिरवट होतात. ‘माझे डोळे फोटोत हिरवे येतात’ या आनंदामागे कधीकधी एवढंच असतं.

छपाईचा साधा कागदही धोकादायक आहे. तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात अतिनील किरणांत निळसर चमकणारं रसायन घातलेलं असतं. दिवसाच्या उजेडात कागद थोडा निळा परतवतो, सॉफ्टवेअर त्याची भरपाई म्हणून निळा कमी करतं आणि सगळा फोटो, डोळ्यांसह, जरा जास्त पिवळा होतो. नाइलाज असेल तर कागद चालेल, पण मग झाक पिवळ्याकडे असणार हे धरून चला.

आता बुबुळाचा रंग मोजा. चमकत्या ठिपक्यापासून दूर, कड्याच्या मधल्या पट्ट्यात तीन जागा निवडा आणि प्रत्येक ठिकाणी निदान ५ बाय ५ पिक्सेलची सरासरी घ्या. एका पिक्सेलवर विसंबू नका. बाहुलीलगतचा भाग बाहेरच्या भागापेक्षा अनेकदा जास्त तपकिरी असतो, म्हणून तो वेगळा नोंदवा. घाऱ्या आणि हिरवट डोळ्यांना एकच रंग नसतो, त्यांचा एक आकडा काढण्याचा अट्टहास मला निरर्थक वाटतो.

पाहताना पडद्याचाही विचार करा. फोन किंवा संगणकाचा रात्रीचा पिवळा मोड चालू असेल तर आपण एवढ्या कष्टाने काढून टाकलेला गुणाकार पडदा पुन्हा लावतो. तो बंद करा, आणि दोन फोटोंची तुलना एकाच पडद्यावर शेजारी ठेवून करा, एक फोनवर आणि एक संगणकावर असं नको.

तरीही रंग जमत नसेल तर

कार्ड करडं आहे, बाहुली काळी आहे, तरी तपकिरी डोळे मळकट किंवा हिरवट दिसतात, असं होत असेल तर दिवा तपासा. स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइटच्या उजेडात काही रंग, विशेषतः गडद लाल, फार कमी असतो. जो रंग उजेडात नाही तो गुणाकाराने आणता येत नाही. शून्याला कितीनेही गुणा. तपकिरी रंगात लालाचा वाटा मोठा, म्हणून तोच आधी मरतो. खिडकी वापरता येत नसेल तर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलेला दिवा घ्या. साधा तारेचा किंवा हॅलोजन दिवाही चालतो, पण त्यात निळा इतका कमी की भरपाई करताना निळ्या रंगातले कण उठून दिसतात आणि निळे डोळे ठिपकेदार येतात.

चष्मा असेल तर काढायला सांगा. त्याच्या थराची हिरवी किंवा जांभळट झळाळी प्रतिबिंबासारखीच बेरीज करते, आणि निळा उजेड अडवणारी काच पिवळेपणा आणते.

पोलरायझर फिल्टरने, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड आत सोडणाऱ्या काचेने, प्रतिबिंब जातं का, तर काही वेळा. कॉर्नियावरून परतणारा उजेड तिरपा, साधारण ५४ अंशांनी पडलेला असेल तर पोलरायझर तो उत्तम कापतो. बाजूच्या खिडकीचं प्रतिबिंब म्हणून बरंच कमी होतं. समोरून पडलेलं, बाहुलीजवळचं प्रतिबिंब मात्र जसंच्या तसं राहतं. तेही घालवायचं तर दिव्यावर पोलरायझरची फिल्म आणि लेन्सवर तिला काटकोनात फिरवलेला पोलरायझर, अशी जोडी लागते. उजेड बराच कमी होतो, आणि चमक गेल्याने डोळा निर्जीव दिसतो. रंग नोंदवायला हे योग्य, फोटो भिंतीवर लावायला नाही.

फ्लॅशचा प्रश्न वेगळा आहे. लेन्सला चिकटून असलेला फ्लॅश बाहुलीतून आत जाऊन डोळ्याच्या मागच्या भरपूर रक्त असलेल्या पडद्यावरून परततो, म्हणून बाहुली लाल दिसते. त्याचा बुबुळाच्या रंगाशी संबंध नाही. इथे एक गोष्ट मात्र विषय सोडून सांगायला हवी. लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोंत एकाच डोळ्याची बाहुली पुन्हा पुन्हा पांढरी किंवा पिवळट येत असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगशी खेळत बसू नका, मुलाला लगेच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. कधी हा नुसता कोनाचा परिणाम असतो, पण रेटिनाच्या कर्करोगाची पहिली खूणही अशीच दिसते.

जुन्या फोटोवरून रंग ठरवायचा असेल तर

कार्ड नाही, रॉ नाही, फक्त एक जेपेग आहे. अशा वेळी आधी बाहुली मोठी करून पाहा. ती काळी असेल तर बेरीज कमी आहे आणि पुढे जाण्यात अर्थ आहे. मग फोटोत एखादी करडी वस्तू शोधा, जिचा रंग तुम्हाला माहीत आहे आणि जिच्यावर चेहऱ्यावर पडला तोच उजेड पडतो आहे: स्टीलची पट्टी, करडं कापड, काळ्यापांढऱ्या छपाईचा पांढरा भाग. तिथे ड्रॉपर टेकवा. दातांवर टेकवू नका, ते पिवळट असतात.

बाहुली राखाडी किंवा निळसर असेल तर तिचेच आकडे मोजा. तिच्यात जे आहे ते प्रतिबिंबच. आपल्या उदाहरणातल्या तिसऱ्या फोटोत बाहुली १३, १७, २४ आली असती, आणि तेवढे बुबुळाच्या ११३, ९५, ८४ मधून वजा केले की १००, ७८, ६० परत मिळतात. जेपेगमध्ये ही वजाबाकी इतकी सुबक होत नाही. शिवाय बाहुलीवर आणि कड्यावर आकाशाचा वेगवेगळा तुकडा उमटलेला असतो, वरच्या अर्ध्यात जास्त, खालच्या अर्ध्यात कमी. म्हणून कड्याचा खालचा भाग घ्या, जिथे सहसा जमिनीचं गडद प्रतिबिंब असतं, आणि फक्त तिथला रंग मोजा. तो भाग चेहऱ्यासमोरच्या गडद जमिनीमुळे आधीच स्वच्छ असेल तर वजाबाकीची गरजही पडत नाही. मात्र खाली वाळू, बर्फ किंवा पांढरी फरशी असेल तर हा उपाय चालत नाही, आणि त्या फोटोवरून रंग सांगता येणार नाही एवढंच म्हणावं लागतं.